फलक लावा, पण आज काय शिजले ते लिहा

फोंडा तालुक्यातल्या एका मोठ्या देवस्थानाने यंदा जत्रेआधी महाप्रसादाच्या मांडवाबाहेर एक सूचना लावली. प्रसाद स्वच्छतेचे सर्व नियम पाळून तयार केला आहे. त्यात दूध, गहू, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन असू शकते. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रसाद घ्यावा. एवढाच मजकूर. त्यावरून महाजनांत जे भांडण पेटले ते अजून विझलेले नाही. एका बाजूचे म्हणणे, देवाचा प्रसाद बाधत नाही, त्याच्यावर औषधाच्या बाटलीसारखी सूचना लावणे हा देवाचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कायदा आहे, काळ बदलला आहे, हरकत घेणारे मागासलेले आहेत. मी स्वतः महाजन आहे आणि माझी पंचवीस वर्षे हॉटेलच्या मुदपाकखान्यात गेली आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सूचना हवीच. पण लावली आहे ती सूचना चुकीची आहे, आणि तिच्या बाजूने किंवा विरुद्ध भांडणाऱ्यांपैकी कोणीही तिच्यातला मजकूर नीट वाचलेला नाही.

माझ्या भाचीला काजूची अ‍ॅलर्जी आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका देवळात समाराधनेला आम्ही पंगतीत बसलो होतो. बहिणीने वाढणाऱ्या मुलाला विचारले, "बाबा, काजू कशाकशात आहेत?" तो म्हणाला, "ताई, फक्त मणगण्यात. बाकी कशात नाहीत." तो खोटे बोलला नव्हता. मुलीने मणगणे घेतले नाही. वरणभात घेतला आणि त्यावर चमचाभर तूप. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या आणि खोकला सुरू झाला. सुदैवाने पंगतीत एक डॉक्टर होते, त्यांच्या गाडीत अ‍ॅड्रेनलिन होते आणि त्यांनी ते तिच्या मांडीत टोचले. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले. मणगण्यासाठीचे काजू तुपात तळले होते, आणि उरलेले तूप वाया कशाला घालवायचे म्हणून तेच भातावर वाढायला दिले होते. काजूचा चुरा त्या तुपात होता. घरोघरी प्रत्येक गृहिणी हेच करते, त्यात कसला निष्काळजीपणा? दोष एवढाच होता, की चुलीपाशी जे ठाऊक होते ते पंगतीपर्यंत पोचले नव्हते.

आता त्या फलकाकडे पुन्हा पाहा. तो त्या दिवशी तिथे असता, तर माझ्या बहिणीला काय कळले असते? सुकामेवा असू शकतो, एवढेच. म्हणजे एकतर पंगतीतून उठून जायचे, नाहीतर आधीसारखेच वाढणाऱ्याला विचारायचे. 'असू शकते' हा शब्दप्रयोग समितीला सोयीचा आहे, खाणाऱ्याला नाही. ज्या फलकावर वर्षभर, सगळ्या पदार्थांसाठी, सगळ्या सणांना एकच ओळ राहते, तो काही सांगत नाही. आणि ही यादी तरी आली कुठून? ती देशाच्या २०२० च्या अन्न लेबलिंग नियमांतून उतरवून घेतलेली दिसते. त्या नियमांत ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांची नावे आहेत. मुळात ही यादी पाकिटबंद पदार्थांसाठी आणि मोठ्या उपाहारगृहांसाठी केलेली आहे. समितीने तिच्यातून मासे, कवचाचे जलचर, अंडी आणि सल्फाइट गाळले, उरलेले छापले. पण त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेने २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला, युरोपच्या यादीत तो आधीपासून आहे, आपल्याकडे अजून नाही. आणि आपल्या जत्रेचे खाजे कशाने माखलेले असते? गूळ, आले आणि तीळ. म्हणजे गोव्याच्या जत्रेत जे सर्रास असते ते फलकावर नाही, आणि त्या दिवशीच्या पानात जे नव्हतेच ते सोयाबीन आहे. उतरवून घेतलेली यादी अशीच निघणार.

विरोध करणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा श्रद्धेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. प्रसाद विकत घेतला जात नाही. तो मिळतो. उजवा हात पुढे करायचा, डावा त्याखाली धरायचा, मिळेल ते डोळ्यांना लावून तोंडात घालायचे. तिथे 'यात काय आहे' हे विचारणेच जड जाते. नाकारणे तर त्याहून जड. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी उलट निष्कर्ष काढतो. हॉटेलात गिऱ्हाईक विचारते, भाव करते, ताट परत पाठवते. देवळात भाविक विचारत नाही. ज्या ठिकाणी घेणाऱ्याचे तोंड भक्तीने बंद होते, त्या ठिकाणी सांगण्याची जबाबदारी देणाऱ्यावर जास्त पडते की कमी?

शिवाय अन्नात काय आहे हे सांगणे आपल्या परंपरेला नवे आहे, हे म्हणणेच मला पटत नाही. एकादशीला उपासाचे आणि बिनउपासाचे वेगळे वाढतात आणि वाढताना सांगतात. कांदा-लसूण नाही हे आवर्जून सांगतात. आपल्या गोव्यात तर 'शिवराक' हा अख्खा शब्दच त्यासाठी आहे. जेवण शिवराक आहे असे सांगितल्याने कोणाचा अपमान झाल्याचे मी ऐकलेले नाही. नैवेद्याचे नियम पाहा. स्वयंपाक करणारा आंघोळ करून सोवळ्यात हवा, शिळे चालत नाही, नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही, भांडी वेगळी. कोणी या नियमांना देवावरचा अविश्वास म्हणत नाही. मग भाविकाच्या पानात काय पडते याचा नियम केला, तर तो अविश्वास कसा ठरतो?

रोगराई आणि देऊळ यांचे नातेही नवे नाही. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आज हजारोंना ओढतो, तो सुरूच झाला एका साथीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली, लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले, तिथून श्रीफळ आणून त्याची स्थापना केली आणि अखंड भजन मांडले, अशी ती परंपरा सांगतात. साथ आली म्हणून त्या लोकांनी देवाला सोडले नाही, आणि देव आहे म्हणून साथ नाही असेही मानले नाही. अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर जून २०२० मध्ये केंद्राने धार्मिक स्थळांसाठी काढलेले नियम आठवा. त्यांत प्रसाद देणे आणि तीर्थ शिंपडणे थांबवायला सांगितले होते. त्या काळात तीर्थ मिळाले नाही म्हणून कोणाची भक्ती उणी झाली? ज्यांनी तेव्हा प्रसादच थांबवणे मान्य केले, त्यांना आज प्रसादातले काजू सांगणे का खुपावे, हे मला खरोखर समजत नाही.

दुसरा मुद्दा गर्दीचा. जत्रेच्या गर्दीत फलक कोण वाचतो? हा आक्षेप बरोबर आहे. वाढपाच्या टेबलामागे लावलेला फलक कोणीच वाचत नाही, कारण तिथे माणसाला दोन-तीन क्षण मिळतात आणि मागून धक्का येत असतो. पण तोच माणूस त्याआधी तासभर रांगेत उभा असतो. फलक रांगेच्या सुरुवातीला आणि मधल्या वळणावर हवा, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत, मराठी, कोकणी, कन्नड आणि इंग्रजीत. कारण कारवार-बेळगावाकडून येणारी कुळावी मंडळी थोडी नसतात. आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला, किंवा त्याच्या आईला, तो फलक शोधायची सवय असते. हजारांनी वाचला नाही तरी चालेल. ज्या वीसजणांना हवा आहे त्यांना तो सापडला पाहिजे, आणि त्यावर लिहिलेले खरे असले पाहिजे.

ते खरे ठेवायचे कसे, हा सगळ्यात अवघड भाग, आणि त्याबद्दल बोलायला कोणी तयार नाही. एक साधे पान घेऊ: भात, वरण, खतखते, मणगणे आणि बाजूला एक खाजे. वरणात वरवर पाहता तूरडाळ, हळद, मीठ, हिंग. यात गहू कुठे? हिंगात. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो बांधलेला असतो आणि बांधायला बहुधा गव्हाचे पीठ वापरतात. ज्याला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने ज्याच्या आतड्याला इजा होते, त्याच्यासाठी हे वरण चालणारे नाही. डबीवर घटक छापलेले असतात. तांदळाच्या पिठाने किंवा नुसत्या डिंकाने बांधलेला हिंग मिळतो, तो आणला की प्रश्न मिटतो. खतखत्यात भाज्या, डाळ, नारळ, तिरफळे. तिथे वरणाचाच हिंग आला तर तोच धोका. मणगण्यात चणाडाळ, गूळ, नारळाचा रस, साबुदाणा आणि काजू. खाज्यात बेसन आणि तीळ. भातावर तूप, म्हणजे दूध. आणि ते तूप कुठून आले हे मी वर सांगितलेच. आता फलक लिहा: वरण, हिंगात गहू. तूप, दूध. मणगणे, काजू. खाजे, तीळ. चार ओळी झाल्या. त्या रोज खडूने लिहायच्या आणि स्वयंपाक बदलला की पुसायच्या. छापील फलक चिरकाल टिकतो, हाच त्याचा दोष आहे.

पण या चार ओळी खऱ्या राहतात त्या वाढायच्या डावांमुळे. मणगण्याचा डाव चुकून खतखत्यात गेला की फलक खोटा ठरला. म्हणून प्रत्येक टोपाचा डाव टोपालाच बांधून ठेवायचा आणि काजूचा पदार्थ रांगेच्या शेवटच्या टोकाला, वेगळ्या माणसाच्या हाती द्यायचा. काजू तळलेले तूप मणगण्यातच संपवायचे. रबरी हातमोज्यांचा मोठा आग्रह धरतात, पण एकच मोजा दक्षिणेच्या नोटा, बालदीचा कान आणि लाडू या सगळ्यांना लागत असेल, तर तो उघड्या हाताहून वाईट. हात मळला की माणूस धुतो, मोजा कोणी धूत नाही. आणि एक गोष्ट लहान मुलांबद्दल. पंचामृतात मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मधातले काही जिवाणूबीज त्या वयाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. जावळाला किंवा पहिल्या दर्शनाला आणलेल्या बाळाच्या जिभेवर पंचामृताचा थेंब ठेवणारे हात मी कितीदा पाहिले आहेत. तिथे तीर्थाचा पाण्याचा थेंब पुरे, आणि ही एक ओळ फलकावर कायमची छापली तरी चालेल.

आता स्वच्छतेचा भाग. 'स्वच्छतेचे सर्व नियम पाळून' या शब्दांतून काहीच कळत नाही. गर्दीच्या जेवणात माणसे आजारी पडतात ती बहुतेकदा दिसणाऱ्या घाणीने नव्हे, तर वेळेने. आठ हजार माणसांचे जेवण घ्या. दहाजणांना किलोभर तांदूळ धरला तर आठ क्विंटल लागतात. चाळीस किलोचा टोप म्हटला तर वीस टोप. समितीला सतत धास्ती असते, की कमी पडले तर नाक कापले जाईल. म्हणून पहाटे तीनपासून शिजवायला सुरुवात होते, नऊपर्यंत वीसही टोप उतरवून, फडकी घालून ओळीने ठेवले जातात. वाढप साडेबाराला सुरू होते आणि चारपर्यंत चालते. पहिल्या टोपाचा भात वाढप सुरू होईपर्यंतच आठ-नऊ तासांचा झालेला असतो. एवढा मोठा भाताचा गोळा मधून सावकाश निवतो. कडेला हात लावला तर थंड, पोटात कोमट. शिजताना मरणारे जिवाणू मरतात, पण काहींची बीजे उकळत्या पाण्यातही तगतात आणि ही कोमट ऊब मिळाली की फुटून वाढू लागतात. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. पुन्हा गरम केल्यानेही नेहमी भागत नाही, कारण भातात तयार होणारे उलटीचे विष उष्णतेने मरत नाही. नियम सोपा आहे: गरम अन्न साठ अंशांच्या वर ठेवा, ते त्याखाली गेले तर चार तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या. हे टाकणे जड जाते, ठाऊक आहे. म्हणून आधीच पाळ्या लावा. चार चुली आणि तासाला एक पाळी धरली तर वीस टोप पाच पाळ्यांत होतात. पहिली पाळी साडेदहाला चढवा, शेवटची अडीचला. मग कुठलाही टोप दोन-अडीच तासांहून जुना नसतो. प्रत्येक टोपाच्या झाकणावर उतरवल्याची वेळ खडूने लिहा आणि वाढपी ज्या टोपातून घेतो आहे त्याची वेळ समोरच्या फलकावर दिसू द्या. स्वच्छतेची खरी सूचना म्हणजे ही वेळ.

गर्दीत हे का महत्त्वाचे, त्याचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावात एकादशीच्या दिवशी भगर आणि आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. रुग्णालयात जागा नव्हती म्हणून दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. घरात एक भांडे बिघडले तर पाच माणसे आजारी पडतात. जत्रेत एक टोप बिघडला तर गावाचा दवाखाना पुरत नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून, वेळ लिहून, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हवा. कोणी आजारी पडले तर जेवणापासून किती वेळाने, हे आधी विचारावे. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा, मग ते निवत गेलेल्या भातातले असो की जखमेच्या हाताने मळलेल्या खव्यातले. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब लागले तर सावकाश निवलेल्या मोठ्या टोपाचा. एवढ्या माहितीवरून डॉक्टरला दिशा मिळते आणि समितीला आपली चूक सापडते.

फलकाने सगळे टळेल, असे मात्र मी म्हणत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यात सुळवाडीच्या मारम्मा देवळात प्रसादात कीटकनाशक मिसळले गेले आणि किमान १५ माणसे गेली. तो मुद्दाम केलेला गुन्हा होता. तिथे घटकांची यादी काय करणार? स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप आणि तिथे कोण येते-जाते याची नोंद, हा वेगळा विषय आहे आणि तोही समितीने घ्यायला हवा.

सर्वांत अडचणीचा आक्षेप भक्तांनी आणलेल्या पदार्थांचा आहे. नवसाचे लाडू, घरची खीर, वाढदिवसाचे पेढे. कोणी काय घातले कोणाला ठाऊक? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. घरून प्रेमाने करून आणलेले परत पाठवणे क्रूर वाटते. तरी एवढे करता येते: असे पदार्थ देवापुढे ठेवावेत, नैवेद्य दाखवावा आणि आणणाऱ्या कुटुंबालाच प्रसाद म्हणून परत द्यावेत, सार्वजनिक वाढपात मिसळू नयेत. सर्वांसाठी द्यायचेच असेल तर नारळ आणि केळी आणायला सांगावे. नारळाला आणि केळ्याला कुठलाच फलक लागत नाही. जे आहे ते दिसते. कदाचित म्हणूनच आपल्या पूर्वजांनी देवापुढे सर्वांत आधी तीच ठेवली असतील.

शेवटी कायद्याचा मुद्दा, कारण काही महाजन म्हणतात की लिहून दिले तर अडकू, न लिहिले तर सुटू. असे सुटता येत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये जे परवाना आणि नोंदणीचे नियम आले, त्यांत लहान अन्न उत्पादकाच्या व्याख्येतच धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणारा धरला आहे. म्हणजे आपण आधीच त्या चौकटीत आहोत. देवळांच्या स्वयंपाकघरांना प्रशिक्षण देणारी, 'भोग' या नावाने सुरू झालेली केंद्राची योजनाही आहे. आणि लेखी नियमांची आपल्याला लाज का वाटावी? गोव्यातली देवस्थाने १९३३ च्या माझानी कायद्यापासून लेखी नियमांवर, हिशेबाच्या वह्यांवर आणि मामलेदाराच्या देखरेखीवर चालत आली आहेत. पालखी कोणी उचलायची, पहिला मान कोणाचा, हे आपण कागदावर लिहून ठेवतो आणि त्यावरून कोर्टात जातो. मग हिंगात गहू आहे, एवढे लिहायला हात का कचरतो?

पुढच्या महिन्यात महाजनांची सभा आहे. तो छापील फलक उतरवून त्या जागी काळा फळा लावावा, असा ठराव मी मांडणार आहे. जत्रेच्या दिवशी पहिली चूल पेटण्याआधी रांधप्याने प्रत्येक पदार्थाचे घटक मोठ्याने वाचून दाखवावेत, हिंगाच्या आणि तेलाच्या डब्या समोर ठेवाव्यात, आणि समितीच्या एका माणसाने ते ऐकून स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहून खाली आपले नाव घालावे. वाढपाच्या रांगेत तोच माणूस दिवसभर थांबेल. कोणा आईने विचारले, "तुपात काजू आहेत का?" तर उत्तर त्यालाच ठाऊक असेल, आणि ठाऊक नसेल तर आत जाऊन विचारून येईपर्यंत तिच्या मुलीच्या पानात तूप वाढले जाणार नाही.